एचआरच्या इंटरव्ह्यूतले प्रश्न तेच, उत्तरं मात्र बदलली: नवे कामगार कायदे एका राजीनाम्यातून समजून घ्या

एचआर एक्झिक्युटिव्हच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू दिला असेल, तर हे चार प्रश्न ओळखीचे वाटतील. कामगार कायद्याचं बेसिक काय माहीत आहे? कर्मचाऱ्याची तक्रार आली तर काय कराल? नव्या माणसाचं ऑनबोर्डिंग कसं कराल? आणि कुणी नोकरी सोडून चाललं, तर त्याच्याशी शेवटचं बोलणं कसं कराल?

कित्येक वर्षं या प्रश्नांची उत्तरं नोट्समधून पाठ करून भागायचं. फुल अँड फायनल म्हटलं की 45 दिवस, ग्रॅच्युइटी म्हटलं की बेसिक गुणिले 15 भागिले 26, तक्रार म्हटलं की 'आधी शांतपणे ऐकून घेईन'. पण 21 नोव्हेंबर 2025 ला केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या आणि 29 जुने कायदे त्यांच्यात सामावले गेले. यातली बरीच पाठ केलेली उत्तरं त्या दिवसापासून चुकीची किंवा अर्धवट ठरली.

हा विषय फक्त एचआरवाल्यांचा नाही. त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला राजीनामा देणारा माणूस बसलेला असतो, आणि एचआरला उत्तर येत नसेल तर पैसे त्याचे अडकतात. म्हणून एकच केस घेऊन हे सगळं पाहू. केस काल्पनिक आहे, आकडे सोपे ठेवले आहेत. पण असे प्रश्न इंटरव्ह्यूत टाकले जातात आणि ऑफिसात रोज घडतात.

केस काय आहे?

पुण्यातली एक खासगी कंपनी आहे. तिथे 80 लोक काम करतात, आठवडा पाच दिवसांचा. टेक्निकल सपोर्टमधला एक कर्मचारी 12 ऑक्टोबर 2020 ला रुजू झाला. नोटीस पिरियड पूर्ण करून शुक्रवार, 15 मे 2026 हा त्याचा शेवटचा दिवस आहे.

त्याचा महिन्याचा पगार 60,000 रुपये. त्यात बेसिक 24,000, घरभाडे भत्ता 24,000 आणि प्रवास भत्ता 12,000.

राजीनाम्यात कारण लिहिलंय 'वैयक्तिक'. पण जानेवारीत त्याने मॅनेजरला आणि एचआरला मेल केला होता, की शनिवार-रविवारी करून घेतलेल्या जादा कामाचे पैसे मिळालेले नाहीत. एचआरचं उत्तर एका शब्दाचं होतं, 'नोटेड'. त्यानंतर काहीच झालं नाही.

इंटरव्ह्यू घेणारा विचारतो, "शुक्रवारी सकाळी ही फाइल तुमच्या टेबलावर आली. पुढे काय कराल?"

पहिला प्रश्न: पैसे कधी द्यायचे?

नोव्हेंबरनंतर सोशल मीडियावर एक पोस्ट भरपूर फिरली, 'आता नोकरी सोडली की दोन दिवसांत फुल अँड फायनल'. ही पोस्ट अर्धी खरी आहे.

वेतन संहितेच्या कलम 17 नुसार कर्मचाऱ्याला काढलं, कपातीत कमी केलं, कंपनी बंद पडली किंवा त्याने स्वतः राजीनामा दिला, तर त्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. यात 'राजीनामा' हा शब्द महत्त्वाचा आहे. 1936 च्या जुन्या वेतन अदायगी कायद्यातही दोन दिवसांची मुदत होती, पण ती मालकाने काढलेल्या माणसासाठी. शिवाय तो कायदा महिना 24,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच लागू होता. त्याहून जास्त पगारवाल्याने राजीनामा दिला, तर कंपनीच्या पॉलिसीत 30, 45, 60 असा जो आकडा लिहिला असेल, तोच चालायचा. आता पगाराची ती मर्यादा नाही आणि राजीनामाही मुदतीत आला आहे.

कलमात मुदत 'राजीनाम्यापासून' मोजायला सांगितली आहे. नोटीस पिरियड चालू असताना माणूस नोकरीतच असतो, त्यामुळे व्यवहारात ती शेवटच्या कामाच्या दिवसापासून धरली जाते. आपल्या केसमध्ये शुक्रवारी 15 मे ला नोकरी संपली. शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे मंगळवार, 19 मे पर्यंत मे महिन्यातल्या 15 दिवसांचा पगार खात्यात पडायला हवा. 60,000 गुणिले 15 भागिले 31, म्हणजे 29,032 रुपये. 'सगळ्यांच्या पगारासोबत पुढच्या सात तारखेला देऊ' हे उत्तर इथे चालत नाही.

मग पोस्ट अर्धी खरी का? कारण ग्रॅच्युइटी या दोन दिवसांत येत नाही. संहितेच्या व्याख्येनुसार ग्रॅच्युइटी 'वेतन' नाही. ती सामाजिक सुरक्षा संहितेत येते आणि देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. आपल्या माणसासाठी ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत आहे. त्याने अर्ज केला नाही म्हणून ती थांबवता येत नाही. रक्कम काढून कळवण्याची जबाबदारी मालकाची आहे.

पीएफचा मार्ग आणखी वेगळा. ती रक्कम कंपनीकडे नसून ईपीएफओकडे असते. एचआरने पोर्टलवर 'डेट ऑफ एक्झिट' वेळेत भरायची असते. ती राहिली तर काढण्याचं किंवा ट्रान्सफरचं काम अडतं आणि सहा महिन्यांनी त्या माणसाचे फोन सुरू होतात.

म्हणजे 'फुल अँड फायनल' या एका नावाखाली तीन वेगळे पैसे आणि तीन वेगळी घड्याळं आहेत. इंटरव्ह्यूत ही तीन घड्याळं वेगळी करून सांगणारा उमेदवार आणि 'आता दोन दिवसांत सगळं' म्हणणारा उमेदवार, यातला फरक समोरच्याला लगेच कळतो.

दुसरा प्रश्न: ग्रॅच्युइटी किती?

पाठ केलेलं उत्तर असं: बेसिक 24,000 गुणिले 15 भागिले 26, गुणिले वर्षं. नोकरी पाच वर्षं सात महिन्यांची आहे. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सहा वर्षं. उत्तर येतं 83,077 रुपये.

सूत्र आजही तेच आहे. बदललाय तो सूत्रात टाकायचा पगार.

नव्या संहितांमध्ये वेतनाची एकच व्याख्या आहे. बेसिक, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स हे वेतन. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम, मालकाचा पीएफ वगैरे गोष्टी वेतनाबाहेर. पण बाहेर ठेवलेल्या या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावरची रक्कम परत वेतनात मिळवायची.

आपल्या केसमध्ये घरभाडे आणि प्रवास भत्ता मिळून 36,000 होतात. 60,000 चे निम्मे 30,000. म्हणजे 6,000 रुपये जास्त आहेत. ते बेसिकच्या 24,000 मध्ये मिळवले की वेतन होतं 30,000.

आता 30,000 गुणिले 15 भागिले 26, गुणिले 6. उत्तर 1,03,846 रुपये. जुन्या आणि नव्या हिशेबात 20,769 रुपयांचा फरक पडला, आणि हा फरक कर्मचाऱ्याच्या खिशातला आहे. जुन्या एक्सेल शीटवर हिशेब केला तर तो कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण शीट एरर दाखवत नाही.

मोठ्या कंपन्यांना हा फरक ताळेबंदात दिसला. ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 च्या तिमाहीत टीसीएस, इन्फोसिससारख्या आयटी कंपन्यांनी नव्या संहितांमुळे वाढलेल्या देण्यांसाठी एकरकमी तरतूद केली. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर आणि मागच्या सगळ्या वर्षांसाठी मोजतात, त्यामुळे व्याख्या बदलली की जुन्या वर्षांचं ओझंही एकदम वाढतं.

इथे एक पोटप्रश्न हमखास येतो. आता सगळ्यांनाच एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते का? नाही. एका वर्षाची सोय ठरावीक मुदतीच्या करारावर, म्हणजे फिक्स्ड टर्मवर असलेल्यांसाठी आहे. कायम कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांची अट तशीच आहे. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट पूर्वीही नव्हती, आजही नाही.

तिसरा प्रश्न: जानेवारीतल्या त्या मेलचं काय?

एचआरमध्ये जी गोष्ट सगळ्यात जास्त टाळली जाते ती ही. माणूस चाललाच आहे, तक्रारही त्याच्यासोबत जाईल, असा हिशेब असतो. तो चुकीचा आहे.

आधी ठरवायचं, की कायद्याच्या भाषेत हा माणूस 'कामगार' आहे का. औद्योगिक संबंध संहितेनुसार शारीरिक, तांत्रिक, कारकुनी, कार्यवाहीचं असं काम करणारा कामगार ठरतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा त्यातून बाहेर. देखरेखीचं काम करणारा आणि महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा हाही बाहेर.

इथे बहुतेक जण 18,000 चा आकडा पकडतात आणि म्हणतात, याचा पगार 60,000 आहे, म्हणजे हा कामगार नाही. पण ती मर्यादा फक्त देखरेख करणाऱ्यांसाठी आहे. स्वतः तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. त्याच्या ईमेलखाली 'टीम लीड' लिहिलं असलं तरी प्रश्न हाच, की तो दिवसभर करतो काय? तो कुणाच्या रजा मंजूर करतो का, कुणाला शिस्तीची नोटीस देऊ शकतो का, की स्वतः हेडफोन लावून ग्राहकांचे तिकीट सोडवतो? कोर्टही पदाचं नाव सोडून प्रत्यक्ष कामाकडेच बघतं.

आपला माणूस तिकीट सोडवणारा आहे. म्हणजे तो कामगार ठरण्याची शक्यता दाट आहे आणि जादा कामाच्या दुप्पट दराचा मुद्दा जिवंत आहे.

पुढचा मुद्दा, ही तक्रार जायला कुठे हवी होती? 20 किंवा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे. सदस्य जास्तीत जास्त दहा, मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान. अध्यक्षपद एक वर्ष मालकाच्या बाजूकडे, एक वर्ष कामगारांच्या बाजूकडे. कामगारांमध्ये महिला जितक्या टक्के आहेत, त्यापेक्षा कमी प्रमाणात त्यांना समितीत ठेवता येत नाही. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो आणि समितीने 30 दिवसांत काम संपवायचं असतं. 1947 च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात सदस्य जास्तीत जास्त सहाच होते.

एक बारकावा फार कमी लोक सांगतात. समितीचा निर्णय बहुमताने होतो, पण कामगारांच्या प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त लोकांची त्याला संमती लागते. ती नसेल तर निर्णय झालाच नाही असं धरतात. म्हणजे मालकाच्या बाजूने एखादा कामगार प्रतिनिधी फोडून निकाल लावता येत नाही. निर्णय पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही, तर कामगार आपल्या युनियनमार्फत 60 दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो.

'नोटेड' या एका शब्दाचा अर्थ आता लक्षात येईल. 30 दिवसांत जी गोष्ट कागदावर मिटली असती, ती साधारण चार महिने मेलबॉक्समध्ये पडून राहिली. पैशाचा दावा तर याहून लांब टिकतो. वेतन संहितेनुसार थकलेल्या वेतनासाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो आणि प्राधिकारी मूळ रकमेच्या दहापटींपर्यंत भरपाई लावू शकतो. समजा, जादा कामाचे 40,000 रुपये थकले आहेत. कंपनीचा धोका 40,000 चा नाही, त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि जानेवारीतला मेल कर्मचाऱ्याकडे पुरावा म्हणून तयार आहे.

म्हणून शुक्रवारी करायचं काम साधं आहे. हजेरीची नोंद, लॉगिनचे तास आणि मॅनेजरचे 'रविवारी या' सांगणारे मेसेज एकत्र करायचे. तास मोजायचे. जे निघेल ते मंगळवारच्या पेमेंटमध्ये टाकायचं. जे पटत नाही त्याचं कारण लेखी द्यायचं.

एक तक्रार या समितीकडे जात नाही

इंटरव्ह्यू घेणारा इथे केस थोडी फिरवू शकतो. "तक्रार पगाराची नसून एका महिला कर्मचाऱ्याने लैंगिक छळाबद्दल सांगितलं असेल तर? तीही याच समितीकडे पाठवाल?"

उत्तर, नाही. त्यासाठी 2013 चा स्वतंत्र कायदा आहे, ज्याला सगळे 'पॉश' म्हणतात, आणि तो या चार संहितांमध्ये विलीन झालेला नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत लेखी करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहून द्यायला अडचण असेल तर मदत करणं समितीचं काम आहे. चौकशी 90 दिवसांत.

एचआरने इथे स्वतः 'दोघांना बसवून मिटवू' असं करायचं नसतं. नोकरी सोडताना शेवटच्या दिवशी जरी हे समोर आलं, तरी मुदत चालू असेल तर मार्ग खुला असतो.

चौथा प्रश्न: शेवटचं बोलणं कसं करायचं?

एक्झिट इंटरव्ह्यू म्हणजे बऱ्याच ठिकाणी एक गुगल फॉर्म असतो. 'कंपनीला पाचपैकी किती गुण द्याल?' आणि खाली 'सुचवायचं असल्यास लिहा'. त्यातून काही निघत नाही, कारण माणसाला पैसे आणि अनुभवपत्र मिळायचं असतं. तो चार गुण देतो आणि जातो.

त्यामुळे पहिली गोष्ट, पैसे आणि बोलणं वेगळं ठेवायचं. बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगायचं, की तुमचा पगार मंगळवारी येईल, ग्रॅच्युइटी अमुक तारखेपर्यंत येईल आणि तुम्ही इथे काय बोलता त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. मगच माणूस मोकळा होतो. फॉर्म भरल्याशिवाय पैसे नाहीत, अशी अट वेतनाला लावता येत नाही.

दुसरी गोष्ट, त्याचा मॅनेजर त्या खोलीत नको. तो असेल तर कारण 'वैयक्तिक'च राहणार.

तिसरी, प्रश्न. 'का सोडताय?' याला 'चांगली संधी मिळाली' हे उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारायचं, "नोकरी शोधायला सुरुवात कधी केली? त्या आठवड्यात काय झालं होतं?" आपल्या केसमध्ये उत्तर बहुधा जानेवारी येईल. मग पुढचं आपोआप निघतं. "तो मेल केल्यावर तुमच्याशी कोण बोललं?" कुणीच नाही. "टीममध्ये आणखी कुणाला असेच रविवार करावे लागतात?" हो, तिघांना. आता एचआरच्या हातात एका माणसाच्या राजीनाम्याऐवजी चौघांचा थकलेला ओव्हरटाइम आहे, आणि त्यातले तिघे अजून कंपनीत आहेत.

चौथी गोष्ट, 'हे आपल्या दोघांतच राहील' असं वचन द्यायचं नाही. काही गोष्टी समजल्यावर एचआरला पुढे कळवाव्याच लागतात. 'तुमचं नाव गरजेशिवाय जाणार नाही, पण कायद्याचा प्रश्न असेल तर मला पुढे न्यावं लागेल,' हे आधीच सांगितलेलं बरं.

शेवटी येतो सहीचा कागद. 'माझे सर्व पैसे मिळाले, कंपनीकडे माझं काही येणं नाही,' असं त्यावर छापलेलं असतं. बऱ्याच एचआरना वाटतं की ही सही झाली की विषय संपला. वेतन संहितेचं कलम 60 सांगतं, की संहितेनुसार देय असलेली रक्कम सोडून देण्याचा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. म्हणजे ओव्हरटाइम खरंच थकला असेल, तर या सहीने तो माफ होत नाही. सही करणाऱ्यानेही हे लक्षात ठेवायला हवं.

लॅपटॉपचंही तसंच. स्क्रीनला तडा गेला म्हणून 18,000 परस्पर कापून उरलेले द्यायचे, हे सर्रास चालतं. वेतनातून काय कापता येतं याची यादी संहितेत आहे. ताब्यात दिलेल्या वस्तूचं नुकसान त्यात आहे, पण ते कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. शिवाय एका वेतनकाळातली एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही.

राजीनामा खरंच राजीनामा आहे का?

याच केसचा एक कडवट प्रकार पुण्या-बंगळुरूच्या आयटीवाल्यांना माहीत आहे. सकाळी मीटिंगचं निमंत्रण येतं. खोलीत एचआर असतो. "परफॉर्मन्स बरोबर नाही. आजच राजीनामा दिला तर अनुभवपत्र चांगलं देऊ." लॅपटॉप तिथेच काढून घेतला जातो. कागदावर तो राजीनामा असतो. आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी अशा तक्रारी कामगार खात्यापर्यंत नेल्या आहेत.

या एका शब्दाने काय बदलतं, ते आपल्या आकड्यांवर पाहू. हीच कपात म्हणून नोंदली गेली, आणि माणूस कामगार असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते, म्हणजे आपल्या माणसासाठी सहा वर्षांचा 90 दिवसांचा पगार. त्यावर नव्या संहितेतल्या पुनर्कौशल्य निधीतून आणखी 15 दिवसांचं वेतन, जे मालकाने भरायचं आणि कपातीनंतर 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. राजीनाम्यावर सही झाली की यातलं काहीच मिळत नाही.

सरकारची आधी परवानगी घेण्याची अट मात्र 80 जणांच्या या कंपनीला नाही. ती कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे, आणि तिथेही नव्या संहितेने कामगारांची मर्यादा 100 वरून 300 केली आहे. कामगार संघटनांचा या संहितांवरचा एक मोठा आक्षेप हाच आहे.

"मॅनेजमेंटने अशा मीटिंगला बसायला सांगितलं तर काय कराल?" हा प्रश्न इंटरव्ह्यूत आला, तर उमेदवाराची खरी परीक्षा असते. समंजस उत्तर असं, की जागा कमी करायची असेल तर कपात म्हणूनच कागद करू, नोटीस आणि भरपाईचा हिशेब मी आज संध्याकाळपर्यंत देतो. कारण जबरदस्ती सिद्ध झाली तर तो राजीनामा टिकत नाही, आणि त्या खोलीत कोण होतं या प्रश्नावर साक्षीला एचआरचंच नाव येतं.

या सगळ्याची सुरुवात पहिल्या दिवशी होते

आता ऑनबोर्डिंग. बहुतेक उमेदवार वेलकम किट, ऑफिस टूर आणि बडी सिस्टिम सांगतात. ते ठीक आहे. पण शुक्रवारच्या फाइलकडे परत बघितलं, तर प्रत्येक भांडण पहिल्या दिवशीच्या कागदात अडकलेलं दिसतं.

हुद्दा 'टीम लीड', पण काम कुठलं, हे लिहिलेलं नाही. पगाराची फोड जुन्या पद्धतीची. शनिवार-रविवारी काम लागलं तर काय, याचा उल्लेखच नाही. तक्रार कुणाकडे करायची, हे माहीत नाही, म्हणून बिचाऱ्याने मॅनेजरलाच मेल केला.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेनुसार आता प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. आधीपासून नोकरीत असलेल्या ज्यांना ते मिळालेलं नव्हतं, त्यांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी 2026 पर्यंत द्यायचं होतं. तुमच्याकडे आजही फक्त ऑफर लेटरचा मेल असेल, तर नेमणूकपत्र मागायचा तुम्हाला हक्क आहे.

चांगल्या ऑनबोर्डिंगमध्ये पहिल्या दिवशी नेमणूकपत्रातल्या पगाराच्या फोडीची ओळ न् ओळ समजावून सांगतात. जुना यूएएन नंबर घेऊन पीएफचा फॉर्म भरतात, नाहीतर दोन खाती तयार होतात. तक्रार समिती आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं कागदावर देतात. मूळ प्रमाणपत्रं पाहून लगेच परत करतात, कपाटात ठेवत नाहीत. या कामाला तासभर लागतो.

अजून काय बघायचं?

संहिता देशभर एकच असल्या, तरी त्यांचे नियम केंद्र आणि राज्यं आपापल्या अखत्यारीतल्या आस्थापनांसाठी वेगळे करतात. नवे नियम येईपर्यंत जुन्या कायद्याखालचे नियम, संहितेशी विसंगत नसतील तेवढे, चालू राहतात. दोन दिवसांच्या मुदतीबाबतही सरकारला वेगळी मुदत ठरवण्याची मुभा कलमातच आहे. महाराष्ट्रातला दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा कायदाही या चार संहितांत गेलेला नाही. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा यांसाठी इथल्या ऑफिसांना तोही पाहावा लागतो. त्यामुळे कुठलंही उत्तर देताना 'कोणत्या राज्यात, किती लोकांच्या आस्थापनेत' हे आधी विचारणारा एचआर बरोबर दिशेने चाललेला असतो.

आपल्या केसचा मंगळवार, 19 मे कसा दिसायला हवा? खात्यात 29,032 रुपये आणि तपासून निघालेला ओव्हरटाइम. शिल्लक रजेचा हिशेब. 1,03,846 रुपयांच्या ग्रॅच्युइटीचं तारखेसह पत्र. पीएफ पोर्टलवर 15 मे ही एक्झिटची तारीख. अनुभवपत्र. आणि एचआरच्या टेबलावर त्याच टीममधल्या उरलेल्या तिघांच्या रविवारांची यादी, जी तक्रार समितीच्या पुढच्या बैठकीत जायची आहे.